धागा: काट्यावर ऊस मारला, तर फसवण्याचा हेतू कुणाचा धरायचा? कारखान्याला 'मन' असतं का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

मंडळी, यंदाच्या हंगामात आमच्या गल्लीतल्या सहा जणांनी ठरवून एक काम केलं. ट्रॅक्टर शिवारातून निघाला की आधी रस्त्यावरच्या खासगी धर्मकाट्यावर भरलेलं वजन करायचं, मग कारखान्याला जायचं. परतताना त्याच धर्मकाट्यावर रिकाम्या ट्रॉल्या पुन्हा तोलायच्या. दोन्हीकडच्या पावत्या चिकटवून वहीच केली आहे. कारखान्याचं नाव इथं घेत नाही.

पहिलीच खेप सांगतो. धर्मकाट्यावर भरलेलं वजन २७.४६० टन, रिकामं ७.८८०. म्हणजे ऊस १९.५८० टन. कारखान्याच्या पावतीवर भरलेलं २७.०४०, रिकामं तेच ७.८८०. ऊस १९.१६०. चारशे वीस किलो गायब. अशा बारा खेपा झाल्या आणि बाराही खेपांत कमीच भरलं, एकदाही जास्त नाही.

शेती अधिकाऱ्यांना दोनदा तोंडी सांगितलं. "बघतो" म्हणाले. काट्यावरचा पोरगा म्हणतो, "मी फक्त बटण दाबतो, पगार मला अठरा हजार, तुमचा ऊस मारून मला काय मिळतंय?" त्याचं खरं वाटतं मला. चेअरमनसाहेब काट्याच्या खोलीत कधी पाऊलही टाकत नाहीत. मग फसवलं कुणी? पोलीस ठाण्यात गेलो तर विचारलं, "आरोपी कोण?" मी म्हटलं कारखाना. तर म्हणाले, कारखाना म्हणजे इमारत, तिचा हेतू कसा लिहिणार?

हाच माझा प्रश्न आहे. चारशे वीस किलोचे पैसे राहू द्यात. फसवणुकीच्या गुन्ह्यात अप्रामाणिक हेतू लागतो. कंपनीच्या बाबतीत तो हेतू कुणाच्या डोक्यात शोधायचा?

---

तवंदीघाट (निपाणी)

भाऊ, वेळ घालवू नका. कंपनीला जेलमध्ये टाकता येत नाही, म्हणून फसवणुकीची केस कंपनीवर होतच नाही. कलमात कैद आणि दंड दोन्ही असेल तर कोर्ट फक्त दंड देऊ शकत नाही. माझ्या मेहुण्याच्या वकिलांनी स्वतः सांगितलंय. केस करायची तर एमडी आणि चेअरमनवर करा, कंपनीची चूक म्हटलं की ते आपोआप आरोपी होतात.

---

ऊसवाला_चिकोडी

आमचंही तेच. ऊस जाऊन दोन महिने झाले, बिल नाही. चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट लिहिलंय. डीसी ऑफिसला अर्ज करा सगळे मिळून, मी सही करतो.

---

मलप्रभाकाठ

चिकोडीकर दादा, बिलाचं दुखणं आमचंही आहे, पण हा धागा वजनाचा आहे. बिल उशिरा दिलं तर निदान पावतीवर टनेज खरं असतं. इथं पावतीच खोटी आहे.

---

कोर्टकचेरी (बेळगाव)

मी वकिली करते, बेळगाव आणि अधूनमधून धारवाड खंडपीठ. तवंदीघाट यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली एकेकाळी खरी होती, दुसरी आज खरी नाही.

पहिली. २००३ मध्ये वेलियप्पा टेक्स्टाइल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हेच म्हटलं होतं: जिथे कैद बंधनकारक आहे तिथे कंपनीवर खटला चालवण्यात अर्थ नाही. पण २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन असा निकाल देऊन ते बदललं. कैद देता येत नसेल तर दंड द्या, पण कंपनी खटल्यातून सुटणार नाही. तुमच्या मेहुण्यांचे वकील वीस वर्षं मागे आहेत.

आता मूळ प्रश्न. त्यावर आपल्याकडे २०१० चा इरिडियम विरुद्ध मोटोरोला हा निकाल धरतात. उपग्रह फोनच्या प्रकल्पात खोटं चित्र दाखवून पैसे घालायला लावले अशी फिर्याद होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती, कारण कंपनीला फसवण्याचा हेतू असू शकत नाही अशी तेव्हाची धारणा. सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद पुन्हा उभी केली. म्हणणं असं: कंपनी माणसांमधूनच विचार करते. ज्या माणसाचा किंवा ज्या गटाचा कारभारावर इतका ताबा आहे की त्याचा निर्णय म्हणजेच कंपनीचा निर्णय, त्याच्या डोक्यातला हेतू कंपनीचा हेतू. मात्र त्या निकालाने मोटोरोलाला दोषी ठरवलं नव्हतं, फक्त खटला चालू शकतो एवढंच म्हटलं. लोक इथे गफलत करतात.

म्हणून मलप्रभाकाठ, तुमच्या काट्यावरच्या पोराचं डोकं कायद्याच्या दृष्टीने कारखान्याचं डोकं नाही. तो हात आहे. त्याने स्वतःहून काही केलं असेल तर गुन्हा त्याचा. कारखान्याचा गुन्हा व्हायचा तर वरच्या कुणीतरी सांगितलेलं असलं पाहिजे, किंवा माहीत असून चालू दिलेलं असलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, चेअरमन आपोआप आरोपी होतात ही. २०१५ च्या सुनील भारती मित्तल निकालाने ती वाट बंद केली. माणसाचा हेतू कंपनीला चिकटतो, पण कंपनीचा हेतू उलट फिरून माणसाला चिकटत नाही. अमुक अध्यक्ष आहे, एवढ्यावर तो आरोपी होत नाही. त्याचा स्वतःचा सहभाग दाखवा, नाहीतर कायद्यातच तशी तरतूद दाखवा. जीवनावश्यक वस्तू कायद्यात ती आहे, फसवणुकीच्या कलमात नाही.

---

उद्यमबाग

ताई, मधेच विचारतो, माफ करा. माझं जॉबवर्कचं शेड आहे. एका प्रायव्हेट लिमिटेडने चार लाखांचा चेक दिला, परत आला. माझ्या वकिलांनी सही करणाऱ्या डायरेक्टरवर केस टाकली, कंपनीचं नावच घातलं नाही. आता समोरचा म्हणतो केस टिकत नाही. खरं का? इथे पण डोकं शोधायचं असतं का?

---

कोर्टकचेरी

दादा, दुर्दैवाने समोरचा बरोबर बोलतोय. २०१२ च्या अनिता हाडा निकालाप्रमाणे चेकच्या केसमध्ये कंपनी आरोपी नसेल तर एकट्या डायरेक्टरवर केस चालत नाही. कागद घेऊन माझ्याकडे या, मुदतीचं पाहावं लागेल, इथे लिहून भागणार नाही.

पण तुमचा दुसरा प्रश्न चांगला आहे. चेकच्या कायद्यात डोकं शोधावं लागत नाही. चेक परत गेला, नोटीस देऊन पैसे आले नाहीत, की कंपनी अडकली. आणि त्या वेळी कारभार ज्याच्या हातात होता तो कायद्यानेच अडकला. फसवणुकीत तशी सोय नाही, म्हणून इथे एवढी शोधाशोध.

---

जुना_काटेवाला (संकेश्वर बाजू)

२२ वर्षं एका कारखान्याच्या काट्यावर काढली, आता घरी आहे. कायद्यातलं मला कळत नाही, काट्यातलं कळतं. भावा, चोरी म्हणायच्या आधी काही गोष्टी तपास.

एक. बारा खेपांतल्या किती यार्डात रात्रभर उभ्या होत्या? ऊस उन्हात वाळतो, वजन उतरतं. त्या खेपा बाजूला काढ, नाहीतर त्यांचा वकील पहिला तोच मुद्दा धरणार.

दोन. भरलेला आणि रिकामा एकाच काट्यावर होतो का? मोठ्या कारखान्यांत दोन वेगळे काटे असतात. एकच काटा असला आणि त्याचं शून्य चुकलेलं असलं, तर ती चूक भरलेल्यातही येते आणि रिकाम्यातही, वजाबाकीत उडून जाते. उसाचं वजन बरोबरच निघतं. पण काटे दोन असतील आणि भरलेल्या काट्याचं शून्य चारशेनं खाली असेल, तर प्रत्येक ट्रॉलीला चारशेचा फटका. कुणाच्या मनात पाप नसतानाही.

तीन. फरक किलोत सारखा आहे की लोडाप्रमाणे बदलतोय? काटा प्रमाणात कमी दाखवत असला तर मोठ्या लोडला जास्त मारेल, छोट्याला कमी.

---

मलप्रभाकाठ

काका, रात्री वही घेऊन बसलो. तीन खेपा रात्रभर उभ्या होत्या, त्या वगळल्या. उरलेल्या नऊ खेपा धर्मकाट्यापासून दोन तासांच्या आत आत गेल्या आहेत. फरक सगळ्यांत ४०० ते ४४० किलोच्या मधे. सगळ्यात लहान लोड भरलेला २३.६०० टनांचा होता, त्यातही ४३० गेले. रिकाम्या वजनात वीस किलोच्या वर फरक एकदाही नाही.

नऊ खेपांचे मिळून ३ टन ७८० किलो. टनाला ३,१०० धरले तर पावणेबारा हजार.

आणि हो, काटे दोन आहेत. पावतीवर भरलेल्याला १ आणि रिकाम्याला २ असं छापतंय, माझं लक्षच गेलं नव्हतं.

---

जुना_काटेवाला

मग प्रमाणातली चूक नाही ही. ती असती तर तुझ्या लहान लोडला साडेतीनशेच्या आसपास गेले असते. हा ठराविक आकडा आहे. एक तर एक नंबरच्या काट्याचं शून्य बसवताना घोळ झालाय, नाहीतर प्रोग्रामात वजावट घातलीय.

शून्याचा घोळ कसा होतो सांगतो. पावसात ट्रॉल्यांचा चिखल प्लॅटफॉर्मवर पडतो. तो असतानाच शून्य दाबलं आणि नंतर प्लॅटफॉर्म धुतला, तर काटा तेवढा खाली जातो. पण चिखल वीस-तीस किलो असतो, अगदीच झालं तर पन्नास. चारशे किलो चिखल मी २२ वर्षांत बघितला नाही. आणि आमच्यात दर पाळीला रिकामा काटा शून्यावर बघून रजिस्टरात सही करायची पद्धत होती. तुझ्या नऊ खेपा किती दिवसांतल्या?

---

मलप्रभाकाठ

सव्वीस दिवसांतल्या.

---

जुना_काटेवाला

सव्वीस दिवस म्हणजे तीन पाळ्यांनी अठ्ठ्याहत्तर सह्या. अठ्ठ्याहत्तर वेळा सगळ्यांच्याच डोळ्यांतून सुटलं असं मला वाटत नाही. एवढंच बोलतो.

---

रिकव्हरी (माजी लॅब केमिस्ट)

मी दुसऱ्या टोकाकडून सांगतो. सगळे काट्याकडे बघताय, मी म्हणतो, मारलेला ऊस गेला कुठं ते बघा. तो गव्हाणीत तर पडलाच आहे, त्याची साखरही झाली आहे. कारखान्याच्या कागदात तो कुठंतरी दिसणारच.

समजा दिवसाला खरोखर ५,००० टन ऊस गाळला आणि खरा उतारा १०.८ आहे. साखर झाली ५४० टन. आता सगळ्यांच्याच ट्रॉलीला असं मारलं असेल तर साधारण ११० टन काट्यावर गायब, कागदावर ऊस ४,८९०. साखर तर तेवढीच, पोती मोजलेली असतात. ५४० ला ४,८९० ने भागा, उतारा ११.०४ येतो. पण नुसता उतारा वाढला म्हणून चोरी म्हणता येत नाही. जमीन, जात, तोडणीचा ताजेपणा, यानेही पाव टक्का इकडचा तिकडे होतो.

खरी गोम बगॅसमध्ये आहे. बगॅस कुणी तोलत नाही. ऊस अधिक गाळपात घातलेलं पाणी, वजा रस, जे उरेल ते बगॅस, असं कागदावर काढतात. रस आणि पाणी मोजलेलं असतं. म्हणजे काट्यावर लपवलेले ११० टन सगळेच्या सगळे बगॅसमधून कमी होतात. १,४५० टन बगॅस असायला हवं तिथे कागदावर १,३४०. आणि यार्डात बॉयलरला पुरून ढीग मात्र वाढत चाललेला. आमच्या चीफ केमिस्टना हे एका आठवड्यात कळायचं. कळून काय करायचे ते वेगळं.

आता दुसरी शक्यता. कागदावर उतारा १०.८ च आहे, बगॅसही बरोबर आहे. मग ते ११० टन कागदात आलेले आहेत, फक्त तुमच्या नावावर नाहीत. कुणाच्या तरी खात्यावर घातलेत. ज्याच्याकडे बांधभर ऊस नाही अशा माणसाच्या नावावर टनेज पडतं आणि बिल निघतं, हे या धंद्यात नवीन नाही.

---

कोर्टकचेरी

रिकव्हरी दादा, तुम्ही जे लिहिलंत त्यावरच अख्खी केस फिरते. वकील मंडळी सहसा लॅबपर्यंत पोचत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रकारात ऊस कागदातच नाही. म्हणजे कारखान्याला तो फुकट मिळाला. काट्यावरच्या पोराला नाही, शेती अधिकाऱ्याला नाही, फायदा थेट कंपनीच्या ताळेबंदात गेला. फायदा कंपनीचा झाला एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही, पण कुणी एक कारकून स्वतःच्या पदराला खार लावून महिनाभर कंपनीसाठी चोरी करेल हे कोर्टाला पटवणं अवघड जातं. मग प्रश्न वर सरकतो: प्रोग्रामात वजावट घालायचा पासवर्ड कुणाकडे होता, लॅबचा रोजचा अहवाल कुणाच्या टेबलावर जायचा, त्यावर कुणाची सही आहे. तो अहवाल रोज एमडीकडे जात असेल आणि त्यात बगॅस सतत कमी दिसत असेल, तर 'मला माहीत नव्हतं' हे म्हणणं पातळ होतं. हे डोकं कंपनीचं डोकं आहे.

दुसऱ्या प्रकारात कंपनीने त्या उसाचे पूर्ण पैसे मोजलेत, फक्त चुकीच्या माणसाला. म्हणजे तुमच्याबरोबर कंपनीलाही कुणीतरी वापरून घेतलंय. इथे कंपनीचा वकील उभा राहून म्हणेल, आम्हीच बळी आहोत, आमच्या चोराचं डोकं आमच्या गळ्यात का घालता? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या बिल्टा प्रकरणात साधारण हेच तत्त्व मानलं: कंपनीला लुटणाऱ्या संचालकांचा हेतू कंपनीचा धरून कंपनीलाच अडवता येत नाही. मात्र तो वाद कंपनी आणि तिच्या संचालकांमधला होता, दिवाणी होता. बाहेरच्या फसलेल्या माणसाने, म्हणजे तुम्ही, फिर्याद केली तर काय, हा मुद्दा आपल्याकडे माझ्या मते उघडाच आहे. मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकेन.

---

तवंदीघाट

ताई, २००५ चं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. पण एक समजत नाही. समजा काटेवाल्याला शून्य चुकलंय हे माहीत. केमिस्टला बगॅस कमी दिसतंय. अकाउंटला खर्च कमी दिसतोय. तिघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही. पूर्ण चोरी एकाच्याही डोक्यात नाही. मग तिघांचं मिळून कंपनीला माहीत होतं असं धरायचं की नाही? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतंय की हे!

---

दूरदेशी (मूळ गाव येळ्ळूर, सध्या साउदॅम्प्टन)

तवंदीघाट, इथे इंग्लंडमध्ये नेमका हाच प्रश्न १९३ माणसं मेल्यावर आला. ६ मार्च १९८७, झेब्रुग बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरी पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि उलटली. दरवाजे लावायचं काम ज्याचं होतं तो झोपला होता. अधिकाऱ्याला वाटलं तो लावेल. कप्तानाला वाटलं लावले असतील, कारण ब्रिजवर दरवाज्यांचा दिवाच नव्हता. दिवा बसवा असं कप्तानांनी कंपनीला आधी कळवलं होतं, ते वर बसलेल्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

सदोष मनुष्यवधाचा खटला कंपनीवर झाला आणि १९९० मध्ये कोसळला. कारण वरच्या एकाही माणसाच्या डोक्यात पुरेसा दोष दाखवता आला नाही, आणि सगळ्यांचे तुकडे जोडून एक दोष करायला न्यायालय तयार नव्हतं. त्यानंतर २००७ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, ज्यात एका माणसाऐवजी वरिष्ठ व्यवस्थापनाने काम कसं चालवलं ते बघतात. पण तो मृत्यूपुरता आहे.

---

कोर्टकचेरी

बरोबर. अमेरिकेत १९८७ मध्ये बँक ऑफ न्यू इंग्लंडच्या खटल्यात तुकडे जोडायला मान्यता मिळाली, म्हणजे कर्मचाऱ्यांना जे जे माहीत त्याची बेरीज कंपनीला माहीत. पण तीही माहितीची बेरीज आहे. फसवण्याचा हेतू असा बेरजेने तयार होतो का, यावर तिथेही वाद आहेत. आपल्याकडे फसवणुकीत निव्वळ बेरजेवर शिक्षा टिकेल असं मी अशिलाला सांगणार नाही.

आणि तवंदीघाट, तुमचा राग मला समजतो. या पद्धतीत एक अन्याय आहेच. गुऱ्हाळाचा मालक स्वतः काट्यावर बसतो, त्याचं डोकं पाच मिनिटांत सापडतं. कारखाना जेवढा मोठा, तेवढे काटा आणि चेअरमन यांच्यामधले मजले जास्त, आणि डोकं शोधणं तेवढं कठीण. इंग्लंडमध्ये १९७१ मध्ये टेस्को नावाच्या मोठ्या दुकानसाखळीची केस झाली, धुण्याच्या पावडरीच्या किमतीवरून. शाखेचा मॅनेजर म्हणजे कंपनीचं डोकं नव्हे म्हणून कंपनी सुटली. शेकडो मॅनेजर असलेली कंपनी सुटली, एकच दुकान असलेला माणूस सुटला नसता.

यावर हातात असलेला एक उपाय सांगते, तो फार साधा आहे. माहिती तुम्ही स्वतः वर पोचवा. मलप्रभाकाठ, तुम्ही शेती अधिकाऱ्याला तोंडी सांगितलंत, ते हवेत गेलं. लेखी द्या, कन्नडमध्ये, म्हणजे पुढे कोर्टात भाषांतराचा खर्च नाही. पत्ता कारखान्याचा नाही, नोंदणीकृत कार्यालयाचा, आणि उद्देशून एमडी व संचालक मंडळ. नऊ खेपांचा तक्ता जोडा, दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स जोडा, एक नंबरच्या काट्याचा मुद्दा लिहा. आवक-जावकचा शिक्का तुमच्या प्रतीवर घ्या, शिवाय रजिस्टर पोस्टाने एक प्रत पाठवा. त्या तारखेच्या आधी ती चूक असू शकते. त्या तारखेनंतरही काटा तसाच राहिला, तर ती माहीत असून चालू ठेवलेली गोष्ट आहे, आणि माहीत असणारं डोकं कुणाचं हे पाकिटावर लिहिलेलं आहे.

त्याच वेळी वजनमाप खात्याला तक्रार द्या. त्या कायद्यात हेतूच्या एवढ्या खोलात जावं लागत नाही, काटा कमी दाखवतो हेच पुरे. कंपनी त्या कायद्याखाली एका संचालकाचं नाव जबाबदार म्हणून आधीच कळवून ठेवू शकते. ते कुणाचं दिलंय हे माहिती अधिकारात विचारा. शिक्षा तिथे कमी आहे, पण निरीक्षकाचा पंचनामा फसवणुकीच्या फिर्यादीला उपयोगी पडतो.

---

ऊसवाला_चिकोडी

आधी धागा नीट वाचला नव्हता, माफी. पण ताई, आमचा कारखाना सहकारी आहे. तिथे कोण कंपनी? आम्हीच सभासद. कोर्टानं दंड लावला तर तो आमच्याच भागभांडवलातून जाणार ना? चोरी आमचीच आणि दंडही आम्हीच भरायचा?

---

कोर्टकचेरी

दादा, कायद्याच्या लेखी फरक पडत नाही. भारतीय न्याय संहितेत 'व्यक्ती' मध्ये कंपनी येते, तशीच कोणतीही संस्था किंवा माणसांचा गट येतो, नोंदणी असो वा नसो. सहकारी कारखानाही आरोपी होतो. संस्था आरोपी असली की तिने प्रतिनिधी नेमून कोर्टात पाठवायचा असतो, त्याच्यावर वैयक्तिक आरोप नसतो.

दंडाचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. भोपाळच्या खटल्यात २०१० मध्ये युनियन कार्बाइड इंडियाला सुमारे पाच लाखांचा दंड झाला होता. एवढ्या दंडाने कंपनीला काही होत नाही, आणि मोठा दंड केला तर तो सभासदांच्या खिशातून जातो. म्हणून सहकारी कारखान्यात मी संस्थेबरोबर माणसांची नावं शोधण्यावर जास्त जोर देते. त्यासाठी पुन्हा तेच, त्यांचा स्वतःचा सहभाग.

---

रिकव्हरी

मलप्रभाकाठ, एक विनंती. त्या काट्यावरच्या पोराचं नाव फिर्यादीत पहिलं घालू नका. आमच्या वेळी एकदा असंच झालं. चौकशी आली, काटेवाल्याला घरी बसवलं, प्रकरण मिटलं. लॅबच्या रजिस्टरला कुणी हातही लावला नाही. तो पोरगा साक्षीदार म्हणून तुम्हाला जास्त कामाचा आहे. बटण दाबायला त्याला कुणी शिकवलं, हे फक्त तोच सांगू शकेल.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र माझ्या भाचीनं कन्नडमध्ये लिहून दिलं, तिचं शिक्षण कन्नड माध्यमातलं. सहा जणांच्या सह्या. सोमवारी नोंदणीकृत कार्यालयात दिलं. आधी शिक्का द्यायला तयार नव्हते, तासभर बसलो, मग दिला. वजनमाप खात्यालाही तक्रार दिली.

बुधवारी आमच्या शेजाऱ्याची खेप गेली. धर्मकाट्यावर भरलेलं २५.९२० टन, कारखान्यात २५.९०० टन. वीस किलोचा फरक. शुक्रवारी आणखी एक, तिथे दहा किलो. काटा एकदम सुधारला. निरीक्षक अजून आलेले नाहीत, ते आले की त्यांना बरोबर काटाच दिसणार.

ताई, आता हे आमच्या बाजूचं की त्यांच्या? पत्र पोचल्यावर दोन दिवसांत दुरुस्त होतंय म्हणजे कुठं काय बदलायचं ते त्यांना माहीत होतं, असं मला वाटतं. गल्लीतले दोघं मात्र म्हणतात, दुरुस्त झालं ना, आता सोडा.

---

कोर्टकचेरी

दोन्ही बाजूंचं आहे. ते म्हणतील, तक्रार आली, तत्काळ दुरुस्ती केली, हाच आमचा प्रामाणिकपणा. तुम्ही म्हणाल, प्रोग्रामातली वजावट काढली की शून्य बसवलं, ते दाखवा. दुरुस्ती कुणी केली, कुणाच्या सांगण्यावरून, किती वाजता, याची नोंद काट्याच्या संगणकात किंवा दुरुस्ती करणाऱ्याच्या बिलात असेल. ती पुसली जायच्या आत कोर्टाकडून जप्त करून घेता आली तर पुढचं बोलू. सोमवारच्या आधीच्या नऊ पावत्यांच्या मूळ प्रती कुणाच्याही हातात देऊ नका, निरीक्षकांच्याही नाही. झेरॉक्स द्या.

---

जुना_काटेवाला

शुक्रवारच्या पावतीवर भरलेलं वजन १ नंबर काट्यावरचं आहे की २, तेवढं बघून सांग रे पोरा.

---

मलप्रभाकाठ

काका, आत्ता बघितलं. दोन्ही २ नंबर छापलंय. भरलेलं पण.

---

जुना_काटेवाला

मग एक नंबर दुरुस्त केलेलाच नाही. बंद ठेवलाय. त्याला कुणी हात लावायच्या आत निरीक्षकाला घेऊन जा.